पेटीचा ‘सा’ कॉलवर का विरतो

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सातवीतली मुलगी माझ्याकडे पेटी शिकते. मी लातुरात राहतो, ती तिकडे, म्हणून रविवारची शिकवणी व्हिडिओ कॉलवर होते. पेटी तिच्या आजोबांची. आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसतात, त्यामुळे वाद्य निगुतीनं राखलेलं आहे. दुहेरी सुरांची पेटी, भात्याला दम चांगला, एकही पट्टी अडकत नाही.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट खटकायला लागली. मी तिला काळी चारचा ‘सा’ धरून ठेवायला सांगायचो. सूर लागायचा, भरून यायचा आणि दीड-दोन सेकंदांत विरायला लागायचा, भात्यातली हवा संपावी तसा. मी म्हणायचो, “भाता सोडू नकोस, बाळा.” ती म्हणायची, “सर, सोडला नाही.” पुन्हा वाजवायची, पुन्हा तेच. लहान मुलगी आहे, डावा हात दमत असेल, असं मी धरून चाललो.

मग तिनं स्वतःच एक उपाय शोधला. भाता सलग आणि हळू दाबायच्या ऐवजी ती बारीक बारीक झटके द्यायला लागली. प्रत्येक झटक्याला सूर उसळून यायचा आणि इकडे लातुरात मला तिचा ‘सा’ टिकलेला ऐकू यायचा. मी तिला शाबासकी दिली. पेटी शिकणाऱ्याच्या हाताला लागू शकणारी सगळ्यांत वाईट सवय मी शाबासकी देऊन तिला लावत होतो, हे मला पुढचे काही आठवडे कळलं नाही.

ते कळलं आजोबांमुळे. एका रविवारी ते कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, “गुरुजी, पेटीत काही खोट नाही. मी काल सगळे सूर उघडून, साफ करून बघितले. पोरीचा आवाज तुमच्याकडे येईना गेलाय, पण इथं घरभर घुमायलाय.” मी म्हटलं, तुम्हीच एकदा ‘सा’ धरा. त्यांनी धरला. आयुष्य भजनात गेलेल्या माणसाचा भाता तो, हात हललेला दिसतही नव्हता. आणि त्यांचा ‘सा’ नातीच्या ‘सा’पेक्षाही आधी गेला. पडद्यावर त्यांचं बोट पट्टीवर होतं, भाता चालू होता आणि माझ्या कानात शांतता होती.

मी त्यांना फोनच्या साध्या रेकॉर्डरवर तोच ‘सा’ ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितला. तो आला तेव्हा बारा सेकंद अखंड, एकसारखा, दोन्ही ओळींचे सूर मिळून आलेला. म्हणजे पेटी ठीक, हात ठीक, फोनचा माइकही ठीक. सूर हरवत होता तो माइक आणि नेटवर्क यांच्या मधल्या टप्प्यावर, कॉलच्या अ‍ॅपच्या आत. तिथं काय होतं ते नीट समजून घेतलं तर उपायही कळतो आणि त्या उपायाची किंमतही.

व्हिडिओ कॉलची अ‍ॅपं बनली आहेत बोलण्यासाठी. बोलणारा माणूस पंख्याखाली बसलेला असतो, बाहेरून ट्रॅक्टर जात असतो, स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतो. समोरच्याला फक्त बोलणं ऐकू जावं म्हणून अ‍ॅप पाठीमागचा गोंगाट पुसून टाकतं. याला नॉइज सप्रेशन म्हणतात, आपण गोंगाट-गाळणी म्हणू. प्रश्न असा की गोंगाट कोणता आणि बोलणं कोणतं, हे तिला कसं कळतं?

माइकमधून आलेला आवाज ती आधी बारीक तुकड्यांत कापते. एक तुकडा साधारण दहा-वीस मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदात पन्नास ते शंभर तुकडे. प्रत्येक तुकडा ती कंपनसंख्येप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते. खालच्या स्वरांचा कप्पा, त्याच्या वरचा, त्याच्या वरचा, असे कित्येक. मग प्रत्येक कप्प्यावर नजर ठेवून ती बघते की इथला आवाज चढतो-उतरतो की तसाच राहतो.

माणूस बोलतो तेव्हा आवाज सतत चढतो-उतरतो. सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं तोंडातून निघतात आणि दर दोन अक्षरांच्या मध्ये आवाज क्षणभर पडतो. स्वरही एका जागी राहत नाही, वाक्याबरोबर वर-खाली होतो. त्यामुळे एखाद्या कप्प्यावर सेकंद-दीड सेकंद लक्ष ठेवलं, तर त्यात कुठे ना कुठे खड्डा सापडतोच. त्या खड्ड्याच्या तळाशी जो आवाज उरतो तो बोलण्याचा नसणार, तो पंख्याचा किंवा कूलरचा असणार. गाळणीचा जुना आणि अजूनही वापरात असलेला नियम हाच आहे. जे कधीच खाली उतरत नाही, ते गोंगाट. तेवढं वजा करा, उरलेलं पुढे पाठवा.

आता या नियमासमोर पेटीचा ‘सा’ ठेवून बघा. काळी चारचा मधला ‘सा’ म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपनं. धातूची पट्टी हवेनं थरथरते तेव्हा त्या एका कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनंही उठतात, म्हणजे ४१६, ६२४, ८३२ आणि त्याच्याही वर. पेटीचा आवाज इतका भरीव लागतो तो या वरच्या कंपनांमुळे. सूर धरला की ही सगळी कंपनं आपापल्या कप्प्यात जाऊन बसतात आणि भाता चांगला असेल तर तिथून हलत नाहीत. सतारीची तार छेडल्याबरोबर विरायला लागते, गळ्याला श्वास घ्यावा लागतो, पण पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर एकाच उंचीवर उभा राहतो. गाळणी दीड सेकंद वाट बघते, त्या कप्प्यांत खड्डा काही सापडत नाही, आणि ती ठरवते की हा कूलर आहे. मग गोंगाटाची पातळी ती थेट ‘सा’च्या उंचीपर्यंत चढवते आणि ‘सा’ वजा करून टाकते.

आजोबांचा सूर आधी का गेला, ते इथं उलगडतं. भाता जितका कसलेला, तितका सूर स्थिर, आणि या नियमाला स्थिर तेवढं सगळं गोंगाट. नातीचा नवशिका हात थोडा डगमगत होता, आवाजात बारीक चढउतार होते, म्हणून तिचा सूर जरा जास्त टिकायचा. आणि तिनं झटके द्यायला सुरुवात केली तेव्हा तिनं नकळत पेटीला बोलण्याची चाल दिली. सेकंदाला तीन-चार झटके म्हणजे सेकंदाला तीन-चार अक्षरं. गाळणीला ते माणूस बोलल्यासारखं वाटलं आणि तिनं वाट मोकळी केली.

अलीकडच्या अ‍ॅपांतल्या गाळण्या याहून हुशार आहेत. त्यांना ठोकळ नियम शिकवलेला नसतो. माणसांच्या बोलण्याचे आणि नाना तऱ्हेच्या गोंगाटांचे ढीगभर नमुने त्यांना ऐकवलेले असतात आणि त्यावरून त्या बोलणं ओळखायला शिकतात. पण त्यांनाही काय राखायचं म्हणून सांगितलेलं असतं? बोलणं. आपल्याकडे सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीची ओळ असते. निंदायला असा माणूस आणला की ज्यानं आयुष्यात फक्त सोयाबीनच पाहिलं, तर तो तण काढता काढता तूरही उपटेल, आणि अगदी मुळासकट, मन लावून उपटेल. नव्या गाळण्यांचं पेटीबाबत असं होतं. जुन्या गाळणीत सूर निदान हळूहळू विरतो. नव्या गाळणीत तो लागताच अर्धवट दाबला जातो, मध्येच परत येतो, पुन्हा बुडतो, पाण्यात गटांगळ्या खाल्ल्यासारखा.

हीच गाळणी तानपुऱ्याचा तर मागमूस ठेवत नाही, कारण तानपुरा म्हणजे तिच्या लेखी अखंड गोंगाटच. पण मला सगळ्यांत जास्त नुकसान दिसलं ते पेटीबरोबर गाताना. मुलगी पेटीचा ‘सा’ धरून गाते. गळा हा माणसाचा आवाज, म्हणून तो इकडे येतो. पेटी वजा होते. मला ऐकू येतो नुसता गळा. तो सुरात आहे की अर्धी श्रुती खाली घसरला आहे, हे मी कशाशी ताडून बघणार? उलट दिशेनंही तेच. मी इकडून तिला ‘सा’ देतो, तो तिच्या कानात दीड सेकंदात विरतो, आणि उरलेला वेळ ती आठवणीवर गात राहते. तिनं हे मला कधी सांगितलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “मला वाटलं, सर मुद्दाम सूर सोडतात, आपला आपण धरायला.”

सूर गाळणीच खाते आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. अलंकार वाजवून बघायचे. सा रे ग म, रे ग म प, असे सेकंदाला दोन स्वर या बेतानं. दर अर्ध्या सेकंदाला स्वर बदलतो, कप्पे बदलतात, गाळणीला दीड सेकंद वाट बघायला मिळतच नाही. अलंकार स्वच्छ येतात. मग लगेच ‘सा’ धरून ठेवा. अलंकार स्वच्छ आणि लांबवलेला ‘सा’ गायब, असं असेल तर दोष गाळणीचा. नेटवर्कचा दोष वेगळा दिसतो. नेट कमी पडलं तर आवाज कुठेही तुटतो, अलंकारातही तुटतो, बोलतानाही तुटतो, आणि बहुतेक वेळा चित्रही त्याच वेळी अडकतं. माझ्या बाबतीत चित्र व्यवस्थित चालू होतं, आजोबांचं बोलणं स्पष्ट येत होतं, फक्त धरलेला सूर जात होता. ही खूण मला आधी माहीत असती तर पेटी उघडायची वेळ आली नसती.

आता उपाय. ही गाळणी बंद करायची सोय बऱ्याच अ‍ॅपांत असते आणि झूममध्ये ती संगीतवाल्यांसाठी म्हणून वेगळी काढलेली आहे, म्हणून तिथल्या पायऱ्या सविस्तर सांगतो. संगणकावर झूमच्या `Settings` मध्ये `Audio` उघडायचं. तिथं `Audio Profile` मध्ये `Original sound for musicians` निवडायचं. ते निवडलं की खाली आणखी तीन पर्याय दिसतात, `High-fidelity music mode`, `Echo cancellation` आणि `Stereo audio`. त्यांच्याकडे मी पुढे येतो. एवढं करून काम संपत नाही, आणि बहुतेक लोक इथंच थांबतात. सेटिंगमध्ये निवडल्यानं फक्त बटण मिळतं. कॉल सुरू झाल्यावर खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात `Original Sound` असं लिहिलेलं दिसतं, त्यापुढे `Off` असेल तर त्यावर क्लिक करून ते `On` करायचं. ते चालू आहे ना, हे प्रत्येक शिकवणीच्या सुरुवातीला बघायचं. फोनवर झूमच्या सेटिंगमधल्या आवाजाच्या भागात `Use Original Sound` चालू करायचं आणि कॉलमध्ये `More` खाली जाऊन मूळ आवाज सुरू करायचा. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे होतात, `Original Sound` ही जोडी मात्र शोधली की सापडते.

मूळ आवाज म्हणजे नेमकं काय होतं? अ‍ॅप माइकमधून आलेला आवाज निवडत बसत नाही. कप्प्यांवर लक्ष ठेवून वजाबाकी करणं थांबतं. जे माइकनं ऐकलं ते पुढे जातं. नवीन काही भरलं जात नाही, फक्त पुसणं बंद होतं. म्हणूनच हे जिथून आवाज निघतो तिथं करायचं असतं. मी लातुरात माझ्या संगणकावर मूळ आवाज चालू केला, तर माझी पेटी तिच्यापर्यंत नीट पोचेल. तिची पेटी माझ्यापर्यंत नीट येण्यासाठी तिच्या फोनवर तो चालू व्हायला हवा. तिच्या माइकचा सूर तिच्याच फोनमध्ये पुसला गेला की नेटवर्कवर तो चढतच नाही, मग माझ्याकडे कितीही बटणं दाबली तरी नसलेला सूर परत कुठून येणार? माझ्या ओळखीच्या दोन शिक्षकांनी आपल्या बाजूला सगळं करून “काही फरक पडत नाही” असं ठरवून हा नाद सोडला होता. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या फोनवर मूळ आवाज बंदच होता.

दुसऱ्या अ‍ॅपांत नावं वेगळी आहेत. गूगल मीटमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये `Noise cancellation` किंवा नव्या रूपात `Studio sound` दिसलं तर ते बंद करायचं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये नॉइज सप्रेशन बंद करता येतं आणि संगीतासाठी `High fidelity music mode` नावाचा पर्यायही आहे. आयफोन असेल तर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर उघडून माइकचा मोड बघायचा. तो `Voice Isolation` वर असेल तर अ‍ॅपच्या आधी फोनच पेटी पुसतो. तिथं `Wide Spectrum` निवडायचं. विंडोजच्या संगणकावरही माइकच्या सेटिंगमध्ये `Audio enhancements` नावाची एक गाळणी असू शकते, ती `Off` करायची. थोडक्यात, गाळण्या एकाखाली एक लावलेल्या असू शकतात, आणि एक काढूनही सूर विरत असेल तर तिच्या मागची दुसरी शोधायची.

या मागच्या गाळण्यांत सगळ्यांत फसवणारा म्हणजे ब्लूटूथचा इअरफोन. गाणं ऐकताना तो छान वाजतो, म्हणून लोकांना शंका येत नाही. पण त्याचा माइक कॉलमध्ये लागला की तो गाण्याच्या वाटेवरून उतरून बोलण्याच्या अरुंद वाटेवर जातो आणि बऱ्याच इअरफोनमध्ये स्वतःची गाळणी असते, जी अ‍ॅपमधून बंद होत नाही. मुलीच्या घरी मामानं हौसेनं तसे घेऊन दिले होते. ते बाजूला ठेवून वायरचे साधे इअरफोन लावायला सांगितले.

आता त्या तीन पर्यायांकडे. `High-fidelity music mode` म्हणजे आवाज जास्त बारकाव्यानं पाठवायचा. झूम त्यात एका वाहिनीच्या आवाजाला सेकंदाला ९६ किलोबिटपर्यंत जागा देतं. गणित केलं तर तासाला एका दिशेनं साधारण ४३ एमबी होतात. चित्राच्या मानानं हे काहीच नाही, पण गावाकडे अडचण एकूण डेटाची नसते, नेट मध्येच खाली जाण्याची असते. माझं मत असं की पेटीच्या प्राथमिक शिक्षणाला याची गरज नाही. पेटीच्या मधल्या सप्तकांची मूळ कंपनं हजाराच्या आसपासपर्यंतच असतात आणि त्यांच्या वरची जी कंपनं आपल्याला ऐकायची असतात ती साध्या मूळ आवाजातही बऱ्यापैकी येतात. आधी नुसता मूळ आवाज चालू करून दोन रविवार बघावं. नेट चांगलं असेल तर मग हे चालू करावं. `Stereo audio` एका पेटीसाठी लागत नाही, ते तसंच सोडावं.

`Echo cancellation` हा मात्र नीट समजून घ्यायचा पर्याय आहे. माझा आवाज तिच्या फोनच्या स्पीकरमधून निघतो, तिच्याच माइकमध्ये शिरतो आणि मला परत ऐकू येतो. हे टाळायला अ‍ॅप स्पीकरला काय पाठवलं ते लक्षात ठेवतं आणि माइकमध्ये तसंच काही आलं की ते दाबतं. बोलताना हे चांगलं चालतं, कारण माझे शब्द वेगळे, तिचे वेगळे. पण मी ‘सा’ धरलाय आणि तीही ‘सा’ धरतेय, तीच काळी चार, तेच सप्तक. तिच्या माइकमध्ये आलेला तिचा ‘सा’ अ‍ॅपला माझ्याच ‘सा’चा पडसाद वाटतो आणि तो दाबला जातो. गोंगाट-गाळणी बंद करूनही सूर जात असेल, आणि तोही फक्त दोघं एकदम वाजवताना जात असेल, तर कारण हे. त्यावर इलाज म्हणजे दोन्हीकडे वायरचे इअरफोन लावायचे, मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतच नाही, आणि मग संगणकावर हा पर्याय बंद करायचा. इअरफोन न लावता तो बंद केला तर पडसाद फिरत राहतो आणि कधी कधी शिट्टी उठते, भजनाच्या लाउडस्पीकरला उठते तशी.

मूळ आवाजाची किंमत आम्हाला पहिल्याच रविवारी कळली. मे महिना होता. दुपार टाळून सकाळी नऊला बसलो तरी तिच्या घरी कूलर चालू होता. आतापर्यंत तो मला कधी ऐकू आला नव्हता, कारण गाळणी तो पुसत होती. मूळ आवाज चालू झाला आणि कूलर माझ्या कानात येऊन बसला. पेटीही आली, पण कूलरच्या घरघरीमागून. आजोबांनी उठून कूलर बंद केला. मग अंगणातल्या शेळ्या, भांडी घासण्याचा आवाज, रस्त्यावरचा भोंगा, सगळं यायला लागलं. यावर सेटिंगमध्ये उपाय नाही. मूळ आवाज म्हटला की खोलीची जबाबदारी आपली. आम्ही वेळ बदलून सकाळी सातची केली, तेव्हा कूलरशिवाय बसता येतं. शिकवणीतला जो भाग नुसत्या बोलण्याचा असतो, तेवढ्यापुरता मूळ आवाज बंद करून पुन्हा गाळणी लावली तरी चालतं, बटण त्यासाठीच आहे.

दुसरी अडचण आवाजाच्या जोराची. बोलताना अ‍ॅप माइकचा जोर आपोआप कमी-जास्त करतं. हळू बोललं की चढवतं, मोठ्यानं बोललं की उतरवतं. संगीतात हेही घातक, कारण मी तिला मुद्दाम हळू वाजवायला सांगितलं तर तेही मोठंच ऐकू येणार. संगणकावर `Automatically adjust microphone volume` समोरची खूण काढून टाकली की हे थांबतं. पण मग जोर आपणच सांभाळायचा. तिनं फोन पेटीच्या झाकणावर उभा केला होता. दुहेरी सुरांची पेटी इतक्या जवळून माइकला झेपत नाही, आवाज फाटतो आणि खरखरतो, शिवाय भात्याची धडधड थेट फोनमध्ये शिरते. फोन पेटीपासून तीन-चार फूट लांब, एका स्टुलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायला सांगितला. खरखर गेली.

एक गोष्ट मूळ आवाजानं सुटत नाही, ती म्हणजे उशीर. तिचा सूर माझ्यापर्यंत आणि माझा तिच्यापर्यंत पोचायला नेटवर्क वेळ घेतंच. मिनिटाला १२० मात्रांच्या केहरव्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. जाऊन-येऊन पाव सेकंद लागला तरी आम्ही अर्धी मात्रा चुकलो. त्यामुळे एकत्र वाजवणं आम्ही करत नाही. तालावर वाजवायचं असेल तेव्हा तबला तिच्या घरी, दुसऱ्या फोनवर लावलेला असतो, मी माझा माइक बंद करून ऐकतो.

ज्या दिवशी तिच्या फोनवर पहिल्यांदा मूळ आवाज चालू झाला, त्या दिवशी मी तिला ‘सा’ धरायला सांगितला आणि मला पहिल्यांदा तिचा खरा भाता ऐकू आला. त्यात झटके होते. धक-धक-धक, सेकंदाला तीन. माझ्या शाबासकीनं बसलेले झटके. मी तिला ते तिचे नाहीत, माझे आहेत, असं सांगितलं आणि आजोबांना म्हटलं, हिचा डावा हात तुमच्या हातात घ्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत भाता एकदाच, पावसाच्या पाण्यासारखा सलग मिटवा. सवय लागायला सहा आठवडे गेले होते, सुटायला त्याहून जास्त गेले. अजूनही अलंकार संपवून लांब सूर धरला की सुरुवातीला एखादा झटका येतो, आणि आता तो मला ऐकू येतो, म्हणून तिथंच थांबवता येतो.

गेल्या रविवारी तिनं ‘सा’ चौदा आकड्यांपर्यंत धरला. मोजत आजोबा होते, मोठ्यानं, आणि मागे कुठेतरी दळणाची गिरणी सुरू झाली होती.